स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचा आलेख: आधी मधली रेष आखा, मग वाचा

स्प्रिंगला टांगलेलं वजन वर-खाली होतंय आणि त्याचा विस्थापन-काल आलेख फळ्यावर आहे. ‘या वजनाची चाल कुठे सर्वांत जास्त आहे?’ असं विचारलं की वर्गातली बरीच बोटं शिखराकडे जातात. आयाम विचारला की शिखरापासून तळापर्यंतचं पूर्ण अंतर सांगितलं जातं. दोलनकाल विचारला की आलेख अक्षाला जिथे पहिल्यांदा छेदतो तिथपासून दुसऱ्या छेदापर्यंतचा वेळ, म्हणजे नेमका निम्मा दोलनकाल, उत्तरपत्रिकेत उतरतो. चुका तीन दिसतात, पण मूळ एकच आहे. नजर शिखरांवर खिळते आणि मधल्या रेषेकडे कुणी पाहत नाही.

म्हणून हा लेख मधल्या रेषेपासून सुरू होतो. वजन शांत लटकलेलं असताना जिथे स्थिर राहतं, ती जागा दाखवणारी ही आडवी रेष. पाठ्यपुस्तकातल्या आलेखात ती बहुतेक वेळा आयती मिळते, कारण तिथे शून्य विस्थापनाचा अक्षच मधोमध काढलेला असतो. प्रत्यक्ष मोजमापातून आलेख काढला की ती आपल्याला शोधावी लागते. त्यामुळे आपण खऱ्या मोजमापाकडूनच निघू.

मांडणी आणि नोंदी

स्टँडला एक मऊ स्प्रिंग अडकवा आणि तिला २०० ग्रॅमचं वजन लावा. वजनाच्या बुडाशी टाचणी किंवा कागदाची टोकदार पट्टी चिकटवली की दर्शक तयार होतो. दर्शकाच्या अगदी जवळ मोजपट्टी उभी बांधा आणि तिचा शून्य खाली ठेवा, म्हणजे वजन वर गेलं की वाचन वाढेल. शून्य वर ठेवला तरी आयाम आणि दोलनकाल तेच येतील, पण आलेख उलटा होईल. मग ‘वजन कोणत्या क्षणी वर जात होतं’ या प्रश्नाचं उत्तर चुकेल.

मोबाइल दीडेक मीटर लांब, स्टँडवर, दर्शकाच्या मधल्या उंचीला ठेवा. फार जवळून चित्रण केलं तर वरच्या आणि खालच्या टोकाची वाचनं तिरक्या नजरेने घेतल्यासारखी होतात आणि आयामात काही मिलिमीटरांची भर पडते. वजन चार सेंटिमीटर सरळ खाली ओढा आणि धक्का न देता सोडा. पहिली एक-दोन दोलनं जाऊ द्या. हात सुटताना आलेलं डुलणं तेवढ्यात दिसून येतं. डुलणं जास्त असेल तर थांबवून पुन्हा सोडा.

साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं टिपतो. संगणकावर एकेक चित्र पुढे सरकवत (VLC मध्ये `e` ही कळ दाबून) दर तिसऱ्या चित्रावर थांबलात की दर ०.१ सेकंदाची नोंद मिळते. कोणत्याही एका चित्राला शून्य वेळ म्हणा. ते चित्र वजन टोकाला असतानाचंच हवं अशी अट नाही, आणि खालच्या उदाहरणात ते तसं नाहीही.

| वेळ (सेकंद) | पट्टीवरचं वाचन (सेमी) |
|---|---|
| ०.० | २८.५ |
| ०.१ | ३०.७ |
| ०.२ | ३०.७ |
| ०.३ | २८.५ |
| ०.४ | २५.५ |
| ०.५ | २३.३ |
| ०.६ | २३.३ |
| ०.७ | २५.५ |
| ०.८ | २८.५ |
| ०.९ | ३०.७ |
| १.० | ३०.७ |
| १.१ | २८.५ |
| १.२ | २५.५ |

समजायला सोपं जावं म्हणून हे आकडे स्वच्छ ठेवले आहेत. तुमच्या नोंदी एखाद्या मिलिमीटरने इकडे-तिकडे नाचतील आणि तसंच व्हायला हवं.

आलेख काढण्याआधी एक काम स्टॉपवॉचने करून ठेवा. २० दोलनांना लागणारा वेळ मोजा. इथे तो १६ सेकंदांच्या आसपास येतो. हा आकडा पुढे पंचाचं काम करणार आहे.

आलेख काढताना

आडव्या अक्षावर वेळ घ्या, आलेखकागदाचा १ सेमी म्हणजे ०.१ सेकंद. उभ्या अक्षावर पट्टीवरचं वाचन, १ सेमीला १ सेमी. उभा अक्ष शून्यापासून सुरू करण्याचा हट्ट धरू नका. २२ पासून ३२ पर्यंत घेतला तर आलेख कागदभर पसरतो आणि वाचन नेमकं होतं.

बिंदू मांडून झाले की ते पट्टीने सरळ रेषांनी जोडायचे नाहीत, मोकळ्या हाताने गुळगुळीत वक्र काढायचा. हा सौंदर्याचा प्रश्न नाही. ०.१ आणि ०.२ सेकंदाची दोन्ही वाचनं ३०.७ आहेत. पट्टीने जोडलं तर तिथे सपाट माथा होईल आणि वजन ०.१ सेकंद हवेत थांबून राहिलं असा अर्थ निघेल. वास्तवात ०.१ ला वजन वर जात होतं आणि ०.२ ला ते खाली यायला लागलेलं होतं. वळण या दोन क्षणांच्या मध्ये, ०.१५ च्या सुमाराला, ३०.७ च्या थोडं वर झालं. ते आपल्या कोणत्याच नोंदीत सापडलेलं नाही. गुळगुळीत वक्र काढला की माथा साधारण ३१.० ला जातो आणि त्याच न्यायाने तळ २३.० ला.

मधली रेष आणि आयाम

माथा ३१.०, तळ २३.०. दोन्हींची सरासरी २७.०. या उंचीवर पेन्सिलीने आलेखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेष ओढा. हीच मधली रेष, म्हणजे समतोल स्थिती. व्हिडिओ काढण्याआधी वजन शांत लटकलेलं असताना पट्टीवरचं वाचन लिहून ठेवलं असेल तर तेही २७.० च्या जवळ यायला हवं. दोन्हींत तीन-चार मिलिमीटरांचा फरक पडला तर पट्टी सरकली, कॅमेरा हलला किंवा माथे नीट काढले गेले नाहीत, यांपैकी काहीतरी घडलं आहे.

आता आयाम. मधल्या रेषेपासून माथ्यापर्यंतचं अंतर ३१.० − २७.० = ४.० सेमी, आणि मधल्या रेषेपासून तळापर्यंतचं २७.० − २३.० = ४.० सेमी. माथ्यापासून तळापर्यंतचे ८ सेमी म्हणजे आयामाची दुप्पट. आयाम नेहमी धन संख्येत लिहायचा. तळापाशी विस्थापन −४ सेमी असतं, आयाम मात्र ४ सेमीच.

वक्र न काढता तक्त्यातलं सर्वांत मोठं वाचन (३०.७) आणि सर्वांत लहान वाचन (२३.३) घेऊन कुणी गणित केलं तर आयाम ३.७ सेमी येईल. प्रयोग बरोबर, नोंदी बरोबर, तरी उत्तर सात-आठ टक्क्यांनी कमी. नोंदी जितक्या विरळ, तितका हा तोटा मोठा. शक्य असेल तर दर चित्राची नोंद घ्या. निदान माथ्याजवळ आणि तळाजवळ तरी.

इथे सूक्ष्म, पण परीक्षेत हमखास विचारला जाणारा एक मुद्दा आहे. मधल्या रेषेवर स्प्रिंग ताणरहित असते असं अनेकांना वाटतं. टांगलेल्या स्प्रिंगच्या बाबतीत तसं नसतं. २०० ग्रॅम वजन लावल्यावर आपली स्प्रिंग आधीच १५.४ सेमी ताणली गेली आहे. तेवढ्या ताणाने तिचा वरचा ओढ आणि गुरुत्वाकर्षणाचा खालचा ओढ बरोबरीत आले, म्हणून वजन तिथे स्थिरावलं. मधली रेष दोन्ही बलांच्या या बरोबरीची आहे. गुरुत्वाकर्षण रेष खाली सरकवतं, एवढंच त्याचं काम. रेषेपासून पुढे मोजलेल्या हालचालीत ते दखल देत नाही. वजन रेषेच्या २ सेमी वर असो वा खाली, त्याला रेषेकडे ओढणारं निव्वळ बल सारखंच असतं, आणि अंतर दुप्पट केलं की तेही दुप्पट होतं. ताण आणि बल यांचं हे सरळ प्रमाण रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलं. आलेखाचा गुळगुळीत, दोन्ही बाजूंना सारखा आकार त्यातूनच येतो.

दोलनकाल: माथ्यावरून नको, छेदावरून

पुस्तकात दोलनकाल दाखवताना लागोपाठच्या दोन माथ्यांमध्ये बाण काढलेला असतो. व्याख्या म्हणून ते अगदी ठीक आहे. हाताने काढलेल्या आलेखावर मोजायला मात्र माथा ही सर्वांत वाईट जागा. कारण तो सपाट असतो. आपल्या आलेखात माथ्यापासून फक्त १ मिलिमीटर खाली यायला वजनाला जवळपास ०.०३ सेकंद लागतात. म्हणजे वाचनात १ मिलिमीटरची चूक झाली, तर माथा नेमका कोणत्या क्षणी आला हे ०.०३ सेकंद अलीकडे किंवा पलीकडे सरकू शकतं. मधल्या रेषेपाशी वक्र एवढा उभा असतो की तीच १ मिलिमीटरची चूक वेळेत फक्त ०.००३ सेकंदाची होते. चूक तीच, परिणाम दहा पटींनी कमी.

तेव्हा वक्र मधल्या रेषेला जिथे छेदतो त्या जागा खुणेने दाखवा. ०.३ सेकंदाला वाचन २८.५ आणि ०.४ ला २५.५ आहे. २७.० त्यांच्या बरोबर मध्ये, म्हणून पहिला छेद ०.३५ सेकंदाला. इथे वजन खाली चाललं होतं. दुसरा छेद ०.७ आणि ०.८ च्या मध्ये, ०.७५ ला. इथे ते वर चाललं होतं. तिसरा ०.३५ सारखाच, खाली जाणारा, १.१५ ला.

एक पूर्ण दोलन म्हणजे वजन त्याच जागी आणि त्याच दिशेने परत येणं. ०.३५ आणि ०.७५ ला जागा एकच, पण दिशा उलट. त्यामुळे तो अर्धा दोलनकाल. ०.३५ पासून १.१५ पर्यंत पूर्ण दोलन झालं: १.१५ − ०.३५ = ०.८० सेकंद. सोपी सवय म्हणजे फक्त खाली जाणाऱ्या छेदांवर बाण काढायचा आणि वर जाणारे सोडून द्यायचे.

एकाच दोलनावर विसंबू नये. आलेख पुढे चालू ठेवलात तर खाली जाणारा सहावा छेद ४.३५ सेकंदाला मिळेल. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत दोलनं पाच होतात, सहा नाहीत. खांब सहा असले तर त्यांच्यामधले गाळे पाचच. ४.३५ − ०.३५ = ४.०० सेकंद, भागिले ५, म्हणजे ०.८० सेकंद. दोन्ही टोकांच्या छेदांमधली चूक आता पाच दोलनांत वाटली जाते.

आता स्टॉपवॉचचा आकडा काढा. २० दोलनांना १६ सेकंद, म्हणजे एकाला ०.८ सेकंद. आलेख आणि घड्याळ जुळले. व्हिडिओ चुकून स्लो मोशनमध्ये काढला असेल तर ते जुळत नाहीत, आणि जुळत नाहीत ते कसे हे पाहण्यासारखं असतं. सेकंदाला २४० चित्रं टिपून फाइल ३० च्या वेगाने चालली तर व्हिडिओतला वेळ आठ पटींनी ताणला जातो. मग आलेखावरून दोलनकाल ६.४ सेकंद येतो. आयाम बरोबर, आकार बरोबर, फक्त वेळ आठपट. आलेखाकडे नुसतं पाहून ही चूक कधीच कळत नाही.

वारंवारता काढायला वेगळं काही मोजावं लागत नाही. f = १/T, म्हणजे १ ÷ ०.८ = १.२५ हर्ट्झ. सेकंदाला सव्वा दोलन. फक्त आडव्या अक्षाचं एकक पाहून घ्या. प्रश्नपत्रिकेत तो मिलिसेकंदात दिलेला असेल तर ८०० चा व्यस्त ०.००१२५ येतो आणि पुढे ‘हर्ट्झ’ लिहिलं की उत्तर हजार पटींनी चुकतं. आधी सेकंद करा, मग व्यस्त घ्या.

दोलनकाल तपासायला आणखी एक वाट आहे, आणि तिला घड्याळही लागत नाही. वजन लावल्यावर स्प्रिंग किती ताणली, एवढं पट्टीने मोजा. ते अंतर e म्हटलं तर T = २π√(e/g). आपलं e = ०.१५४ मीटर आणि g = ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग घेतलं की उत्तर ०.७९ सेकंद येतं. आलेख ०.८० सांगतो. हा लहानसा फरक स्प्रिंगच्या स्वतःच्या वस्तुमानामुळे पडला आहे. वजनाबरोबर स्प्रिंगही हलते. तिचं खालचं टोक वजनाइतकं आणि वरचं टोक अजिबात नाही, म्हणून हिशेबात तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग धरतात. स्प्रिंग २० ग्रॅमची असेल तर २०० च्या जागी सुमारे २०६.७ ग्रॅम धरायचे आणि उत्तर ०.८० सेकंदावर येतं. काही स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात आणि थोडं वजन लावेपर्यंत त्या उघडतच नाहीत. अशा स्प्रिंगला हे सूत्र लावू नका, कारण मोजलेला e तिथे खऱ्या ताणापेक्षा कमी येतो.

चाल सर्वांत जास्त कुठे

विस्थापन-काल आलेखावर चाल उंचीत लिहिलेली नसते, ती वक्राच्या चढात असते. गडाच्या माथ्यावर उंची सर्वाधिक असते, पण तिथे पाऊल सपाटीवर पडतं. दम काढतो तो मधला चढ. शिखरावर बोट ठेवणारा विद्यार्थी उंची आणि चढ यांची गल्लत करत असतो. आणखी एक गैरसमज याच्या जोडीने येतो. आलेखातली नागमोडी रेष म्हणजे वजनाची वाट, असं वाटतं. वजन एका उभ्या रेषेतच वर-खाली होतं. उजवीकडे सरकतो तो वेळ.

माथ्यावर काय होतं पाहा. ०.१५ सेकंदाच्या जरा आधी वजन वर जात होतं, जरा नंतर खाली येतं. दिशा बदलायची तर मध्ये एक क्षण वेग शून्य व्हायलाच हवा. तिथे काढलेली स्पर्शिका आडवी असते. तळालाही तसंच. माथ्यापासून खाली येताना निव्वळ बल मधल्या रेषेकडे ओढत असतं आणि वजन त्याच दिशेने चाललेलं असतं, म्हणून चाल वाढत जाते. रेषेपाशी निव्वळ बल शून्य होतं, पण शून्य बल म्हणजे शून्य चाल नव्हे. ढकलणारं कुणी नाही, इतकाच त्याचा अर्थ. आतापर्यंत मिळवलेली चाल वजनाजवळ तशीच असते. रेष ओलांडल्यावर बल उलटं होतं आणि चाल कमी व्हायला लागते. वाढणं संपलं आणि घटणं अजून सुरू व्हायचं आहे, असा हा क्षण. म्हणून कमाल चाल मधल्या रेषेवरच मिळते. आपल्या आलेखात हे क्षण ०.३५, ०.७५, १.१५ सेकंद असे दर अर्ध्या दोलनकालाने येतात.

ही चाल किती, ते तीन प्रकारे काढता येतं, आणि तिन्ही उत्तरांमधला फरक शिकवणारा आहे.

पहिला प्रकार सरळ तक्त्यातून. ०.३ ते ०.४ सेकंदांत वाचन २८.५ वरून २५.५ वर आलं, म्हणजे ०.१ सेकंदात ३.० सेमी. उत्तर ३० सेमी प्रति सेकंद.

दुसरा प्रकार स्पर्शिकेचा. ०.३५ सेकंदाच्या छेदावर पट्टी अशी ठेवा की ती वक्राला त्या बिंदूपाशी चिकटून जाईल आणि दोन्ही बाजूंना वक्रापासून सारखीच सुटेल. मग लांब रेष ओढा. आखूड स्पर्शिकेवरून काढलेला चढ भरवशाचा नसतो. आपल्या आलेखात ही रेष ०.२५ सेकंदाला ३०.१ वरून आणि ०.४५ सेकंदाला २३.९ वरून जाते. फरक ६.२ सेमी, भागिले ०.२ सेकंद, म्हणजे ३१ सेमी प्रति सेकंद. बिंदू निवडायचे ते स्पर्शिकेवरचे, वक्रावरचे नाहीत. ०.२५ ला वक्र २९.८ वर आहे. ते वाचन घेतलंत तर चढ कमी येईल.

तिसरा प्रकार आयाम आणि दोलनकाल वापरतो. कमाल चाल = २πA/T. म्हणजे २ × ३.१४ × ४ ÷ ०.८ = ३१.४ सेमी प्रति सेकंद.

पहिलं उत्तर थोडं कमी का? ते ०.१ सेकंदाची सरासरी आहे. त्या अवधीत कमाल चाल फक्त मधोमध होती, बाकी वेळ त्याहून कमी. नोंदी दाट घेतल्या तर सरासरी कमाल चालीजवळ सरकत जाते. स्पर्शिका आणि सूत्र यांच्यात दोन-तीन टक्के फरक असला तर समाधान मानावं. स्पर्शिकेचं उत्तर सूत्राच्या अर्ध्याजवळ आलं तर बहुधा दोलनकाल किंवा आयाम यांपैकी एक दुपटीने चुकलेला असतो. मागे जाऊन तेच तपासा.

चिन्हाकडेही लक्ष द्या. ०.३५ ला वेग −३१.४ आहे, ०.७५ ला +३१.४, कारण वरची दिशा आपण धन धरली. प्रश्नात ‘चाल सर्वांत जास्त’ म्हटलं असेल तर दोन्ही क्षण लिहायचे. ‘वरच्या दिशेचा वेग सर्वांत जास्त’ म्हटलं असेल तर फक्त ०.७५ आणि त्यानंतर दर ०.८ सेकंदाने येणारे क्षण.

मधल्या रेषेपासून टोकाकडे जाताना चाल एकसारखी घटत नाही. अर्ध्या वाटेवर, म्हणजे रेषेपासून २ सेमी अंतरावर, चाल निम्मी होते असं वाटतं. प्रत्यक्षात ती २७.२ सेमी प्रति सेकंद असते, कमाल चालीच्या सुमारे ८७ टक्के. निम्मी व्हायला वजन टोकाच्या अगदी जवळ, रेषेपासून जवळपास ३.५ सेमीवर पोचावं लागतं. वेळेचा हिशेबही तसाच. पहिले २ सेमी ०.०६७ सेकंदात पार होतात, उरलेल्या २ सेमींना बरोबर दुप्पट वेळ लागतो.

हे सगळं आलेखाशिवायही डोळ्यांना दिसतं. घरातल्या साध्या उजेडात काढलेल्या व्हिडिओची चित्रं थांबवून पाहा. टोकाला दर्शक रेखीव असतो, मध्यावर पुसट पट्टा होतो. कॅमेऱ्याची झडप १/६० सेकंद उघडी राहिली तर मध्यावर दर्शक तेवढ्यात अर्धा सेंटिमीटर सरकलेला असतो. वाचन घेताना या पट्ट्याचा मध्य धरा, किंवा खिडकीजवळ भरपूर उजेडात चित्रण करा.

आलेख बिघडलेला दिसला तर

माथे हळूहळू बुटके होत गेले तर घाबरायचं कारण नाही. हवा आणि स्प्रिंगचं अंतर्गत घर्षण ऊर्जा खातात. पाच-दहा दोलनांत दोलनकाल मोजण्याइतका बदलत नाही. फक्त आयाम कोणत्या दोलनाचा ते लिहा आणि कमाल चाल सुरुवातीच्या छेदावर घ्या. एरवी सर्व छेदांवर ती सारखी असते, अशा आलेखात मात्र प्रत्येक पुढच्या छेदावर थोडी कमी होते.

माथे बुटके होऊन पुन्हा उंच होत असतील तर प्रकार वेगळा. वजन लंबकासारखं आडवं डुलू लागलं आहे आणि ऊर्जा उभ्या दोलनातून डुलण्यात जाऊन परत येते आहे. ताणलेल्या स्प्रिंगची एकूण लांबी वजनामुळे आलेल्या ताणाच्या चौपट असते तेव्हा हे सर्वांत जोरात घडतं. आपल्या मांडणीत ती लांबी सुमारे ६२ सेमी होईल. आखूड स्प्रिंग वापरली की ही कटकट टळते.

वरचे माथे चेपलेले आणि तळ मात्र गोल असतील तर आयाम फार मोठा झाला आहे. वजन समतोल स्थितीच्या १५.४ सेमी वर गेलं की स्प्रिंगचा ताण संपतो, वेटोळी एकमेकांवर आदळतात आणि ही गती सरल आवर्त राहत नाही. अशा आलेखात माथा-तळाची सरासरी काढून मधली रेष आखू नका, ती चुकीच्या जागी पडते.

तुमचं वाचन पक्कं झालं का हे पाहायला त्याच कागदावर आणखी दोन आलेख काढा. पहिल्यात तेच वजन, पण आयाम २ सेमी. सोडण्याचा क्षण जुळवून घेतला तर तो मधल्या रेषेला त्याच ०.३५, ०.७५, १.१५ सेकंदांवर छेदतो. दोलनकाल ०.८० च राहतो, फक्त छेदावरचा चढ निम्मा, १५.७ सेमी प्रति सेकंद होतो. दुसऱ्यात ४०० ग्रॅम वजन आणि आयाम पुन्हा ४ सेमी. आता मधली रेषच आणखी १५.४ सेमी खाली जाते, म्हणून पट्टी आधीच खाली बांधा. वजन दुप्पट केलं तरी दोलनकाल दुप्पट होत नाही. तो १.१२ सेकंदांच्या आसपास येतो, वारंवारता ०.८९ हर्ट्झ होते, आणि आयाम तोच असूनही छेदावरची चाल २२.४ सेमी प्रति सेकंदावर उतरते.